हो, नाही, विचार करतो

नागापूर, अहिल्यानगर
मंगळवार, ६ जानेवारी २०२६

तीर्थस्वरूप यज्ञेश्वरकाका यांस,
नोहाचा नमस्कार.

तुमचा फोन बंद लागतो, म्हणून पत्र लिहितो आहे. टेम्पोवाला गोरक्षनाथ तुमच्या आळीतलाच आहे आणि रोज आपल्या कंपनीच्या गेटवरून जातो. त्याच्या हाती हे देतो आहे. त्याने वाचणार नाही असं कबूल केलं आहे, तरी पाकीट डिंकाने दोनदा चिकटवलं आहे.

हे पाचवं पत्र. आधीची चार फाडली. पहिल्यात "ऐकून फार वाईट वाटलं" असं होतं. वाचून बघितलं तर मी कुणाच्या दहाव्याला आल्यासारखं वाटलं. दुसऱ्यात "सगळं चांगलं होईल" असं लिहिलं होतं, पण ते मला कुठून माहीत? तिसऱ्यात देव आला आणि चौथ्यात शाई सांडली. म्हणून या पत्रात फक्त मला माहीत असलेलं आणि मला करता येण्यासारखं लिहितो.

एकतीस डिसेंबरला चहानंतर तुम्हा अकरा जणांना ट्रेनिंग रूममध्ये बोलावलं, तेव्हा मी गेज रूममध्ये होतो. तुम्ही येऊन किल्ली टेबलावर ठेवलीत, रजिस्टरवर "सर्व गेज जागेवर" असं लिहून सही केलीत आणि गेलात. मी मागच्या कपाटाशी मोजमापाचे गेज पुसत उभा होतो. पुसून झालेलंच परत पुसत होतो. बाहेर आलो नाही, कारण काय बोलायचं ते ठरत नव्हतं. त्याची माफी मागतो. एकदाच मागतो, लांबवत नाही.

तुमच्या लॉकरमधलं सामान मी काढून ठेवलं आहे: स्वेटर, चष्म्याचं जुनं घर आणि तुमचा स्वतःचा व्हर्निअर. व्हर्निअर बाहेर काढायला गेट पास लागतो. तो "वैयक्तिक वस्तू" म्हणून मागितला आहे. मिळाला की पाठवतो.

राजीनाम्याचा छापील कागद तुम्हालाही दिला असेल. "यावर सही करा, पुढे बरं दिसतं," असं सगळ्यांना सांगत होते. मी कामगार कार्यालयाबाहेर बसणाऱ्या लेखनिकांना विचारलं. ते म्हणाले, कंपनीने कमी केलं असेल तर कागदावर तसंच राहू द्या. राजीनामा दिला की माणूस आपणहून गेला असं होतं, आणि मग कपातीचे हक्क मागता येत नाहीत. सही केली नसेल तर करू नका. केली असेल तर मला कळवू नका, मला झोप लागणार नाही. नको, कळवाच.

आणखी एक. परचेसच्या दिपाली मॅडम आता सुप्याला एका गिअर कारखान्यात आहेत. त्यांना शेवटच्या तपासणीसाठी इन्स्पेक्टर हवा आहे. मी तुमचं नाव दिलेलं नाही. तुम्हाला विचारल्याशिवाय देणारही नाही. हो किंवा नाही, एवढंच कळवा. बाकी पत्राला उत्तर देण्याची गरज नाही.

सोबत आईने डबा दिला आहे. कँटीनमध्ये बुधवारी तुम्ही दोनदा घ्यायचात, ते तिला सांगितलं होतं.

आपला,
नोहा ओहोळ


खर्डा
गुरुवार, ८ जानेवारी

चि. नोहा यास,
आशीर्वाद.

तुझ्या आईच्या हाताला चव आहे, हे आधी लिहून टाकतो, कारण पुढे मी रागावणार आहे.

अरे, पिठलं-भाकरी? माणसाची नोकरी गेली आणि त्याच्या घरी बाहेरून पिठलं-भाकरी? आमच्याकडे आणि तुमच्याकडेही ती परक्या घरातून कधी येते, हे तुला ठाऊक नाही? माझी सुनीतीआत्या अंगणात होती. गोरक्षनाथाने टेम्पो थांबवला, गंभीर तोंड करून डबा पुढे धरला आणि म्हणाला, "आत्याबाई, नगरहून पिठलं-भाकरी आलीया. मला जास्त काय माहीत न्हाई." आत्या मटकन खाली बसली. कोण गेलं, कोण गेलं म्हणेपर्यंत शेजारच्या भागूबाईंनी गळा काढला. त्यांना तर कुणाचं नावही माहीत नव्हतं. आत्याने जानेवारीच्या थंडीत नेसत्या लुगड्यानिशी दोन बादल्या गार पाणी डोक्यावर ओतून घेतलं. मी बाहेर आलो तर ती कुडकुडत मलाच विचारते, "यज्ञा, तू आहेस ना रे?"

आता सगळ्यांचं म्हणणं असं, की कुणी गेलं नसेल तर मग नोकरीचंच सुतक. दुपारपासून माणसं भेटायला येत आहेत. चटईच्या टोकाला बसतात, घसा खाकरतात, "व्हायचं ते हुतंय" म्हणतात, चहाला नको म्हणतात आणि पितात. फोन म्हणूनच बंद केला होता. तीन दिवसांत त्रेचाळीस फोन. तेहतीस जणांनी विचारलं, "मग आता काय?" दहा जणांनी विचारलंच नाही, नुसता श्वास सोडला. तो फोन आता तांदळाच्या डब्यात आहे.

राजीनाम्यावर सही केलेली नाही. त्या कागदावर मी सध्या चहाची कपबशी ठेवतो. त्याची जाडी एक दशांश मिलिमीटर निघावी. व्हर्निअर आला की खात्री करून घेईन.

सुप्याचं म्हणशील तर नाही. सत्तेचाळिसाव्या वर्षी मी कुणाच्या शिफारशीवर नोकरी करणार नाही. तू पत्रात कीव हा शब्द कुठेही वापरला नाहीस, पण चार पत्रं फाडून तो बाहेर ठेवावा लागला, याचाच अर्थ तो दाराशी उभा होता.

इथे मला काम नाही असं समजू नकोस. आजोबा भिक्षुकी करत, त्यामुळे गावाने ठरवलं आहे की मी मोकळा झालोच आहे तर सत्यनारायण सांगावा. काल एक सांगितला. पोथी वाचता येते, पण चौरंग एका पायाला तीन मिलिमीटर आखूड होता. तो सरळ केल्याशिवाय मला पुढचा अध्याय वाचवेना. यजमान म्हणाले, "गुरुजी, मुहूर्त टळतोय."

डबा राहू दे माझ्याकडे. रिकामा डबा परत पाठवायची आमच्या घरी रीत नाही, आणि भरायला सध्या सुचत नाही.

यज्ञेश्वर पुराणिक


नागापूर
रविवार, ११ जानेवारी

तीर्थस्वरूप काका यांस,
नमस्कार.

पत्र वाचून मी आईला दाखवलं. तिने कपाळावर हात मारून घेतला. तिला रीत माहीत होती, पण तुमच्या आवडीच्या नादात ती विसरली. आता तो प्रकार पुसून काढायला तिला पुरणपोळ्या पाठवायच्या आहेत. मी म्हटलं, थांब, पुरणपोळीचा कुठे काही अर्थ निघतो का ते आधी विचारू. तिने ऐकलं नाही. पोळ्या सोबत आहेत. आत्याबाईंना सर्दी झाली नाही ना?

आणखी एक कबुली. आईने माझ्या नकळत चर्चमध्ये प्रार्थनेची चिठ्ठी टाकली होती. आमच्याकडे उपासनेत त्या वाचून दाखवतात. आज पाळकसाहेबांनी तुमचं पूर्ण नाव, गाव आणि "त्यांना लवकर उठून चालता यावं" असं वाचलं. मागचीच चिठ्ठी कुणाच्या तरी गुडघ्याच्या ऑपरेशनची होती, ती यात मिसळली असावी. बाहेर आल्यावर तिघांनी मला विचारलं की पुराणिकांना कुठल्या हॉस्पिटलात ठेवलं आहे. मी खुलासा केला. एकाला पटला नाही. तो खजूर घेऊन येणार होता.

व्हर्निअर पाठवतो आहे. शून्य तपासून घेतलं, बरोबर आहे.

आता शिफारशीबद्दल. काका, मी कुणाला नोकरी लावू शकेन असं तुम्हाला वाटलं, याचं मला आश्चर्य वाटतं. मी बारावीला इंग्रजीत राहिलेला गेज रूमचा पोरगा. माझ्या शब्दावर दिपाली मॅडम चहासुद्धा मागवणार नाहीत. त्यांच्याकडे परीक्षा असते. पाच नग देतात, मोजून रिपोर्ट लिहायचा. परीक्षा तुम्ही द्यायची, मी फक्त पाहिलेलं सांगायचं. मी काय पाहिलं आहे? दोन वर्षांपूर्वी चारशे शाफ्टची बॅच तुम्ही बारा मायक्रॉनसाठी अडवलीत. प्लांट मॅनेजरसाहेब सगळ्यांसमोर ओरडले, गाडी गेटवर उभी होती, आणि तुम्ही म्हणालात, "साहेब, माप माझ्या आवाजाने बदलत नाही, तुमच्याही बदलणार नाही." हे घडलं तेव्हा मी तिथे उभा होतो. ते सांगणं म्हणजे शिफारस असेल तर मी काही म्हणत नाही. मला ती साक्ष वाटते.

कीव दाराशी होती, हे खरं आहे. पण ती तुमच्यासाठी नव्हती. त्या दिवशी कपाटामागे जो लपला होता, त्याच्यासाठी होती.

आता महत्त्वाचं. एचआरच्या रोहिणी मॅडमनी अनुभवाचे दाखले तयार केले आहेत. तुमच्या दाखल्यावर हुद्दा "मदतनीस" असा आहे. २००७ साली तुम्ही मदतनीस म्हणून लागलात. पुढे २०१४ पासून इन्स्पेक्टरचं काम दिलं, पण ऑफिसच्या फाईलमध्ये हुद्दा बदललाच नाही. सुप्याला कागद परीक्षेच्या आदल्या दिवशी, म्हणजे एकवीस तारखेला लागतात. मदतनिसाला ते परीक्षेला बसवणार नाहीत. सुपं नको असलं तरी दाखला दुरुस्त करून घ्या. दुसरीकडे कुठेही गेलात तरी हाच कागद आधी मागतील.

पुरावा भिंतीवरच आहे. मशीन शॉपच्या दारापाशी तो तक्ता लावलेला असतो ना, कुणाला कुठलं काम किती येतं त्याचा, चार पाकळ्यांच्या गोलांचा. तुमच्या नावापुढे "अंतिम तपासणी" खाली चारही पाकळ्या भरलेल्या आहेत. चार म्हणजे स्वतः करतो आणि दुसऱ्याला शिकवतो. खाली मंजुरीची सही आहे. मी रोहिणी मॅडमची परवानगी घेऊन त्याचा फोटो काढला. कंपनीचा एकही कागद मी बाहेर आणलेला नाही.

दुरुस्तीच्या अर्जाचा मसुदा सोबत आहे. पटला तर तुमच्या अक्षरात लिहून सही करा. पीएफची रक्कम सध्या काढू नका, नव्या ठिकाणी वर्ग करता येते. फक्त नोकरी सुटल्याची तारीख त्यांनी बरोबर भरली का, ते बघत राहा.

उत्तराला वेळ लागू नये म्हणून एक कार्ड जोडलं आहे. त्यावर दोन चौकटी आखल्या आहेत, "हो" आणि "नाही". सुप्याला नाव द्यायचं की नाही, त्यावर खूण करून गोरक्षनाथकडे द्या.

आपला,
नोहा


खर्डा
बुधवार, १४ जानेवारी, संक्रांत

चि. नोहा,
तिळगूळ घे, माझ्याशी गोड बोल असं मी म्हणणार नाही, कारण तू सदैव गोडच बोलतोस आणि त्याचा त्रास होतो.

अर्जात एक चूक आहे. मी एक ऑगस्टला नाही, दोन ऑगस्टला रुजू झालो. एक तारखेला मी गेटवर पोहोचलो होतो, पण वॉचमनने आत सोडलं नव्हतं. बाकी अर्ज उत्तम. "कृपावंत होऊन" हे शब्द मी काढून टाकले. बारा वर्षं केलेल्या कामाचं नाव मागायला कृपा कशाला? अर्ज लिहून, सही करून पाठवला आहे. एक प्रत माझ्याकडे ठेवली. तू पोचवलास की तुझ्या प्रतीवर पोच घे. तू विसरणार नाहीस, पण लिहिल्याशिवाय मला राहवत नाही.

आता कार्ड. तुझ्या दोन चौकटी मला पुरेनात. माणसाला फक्त हो आणि नाही एवढंच म्हणता आलं असतं तर जगात एकही बैठक झाली नसती. म्हणून मी तिसरी चौकट आखली, "विचार करतो". बारा बाय बारा मिलिमीटर, तुझ्याच मापाची. तुझी "नाही"ची चौकट अर्ध्या मिलिमीटरने अरुंद आहे, मनातलं कळतं. तिसरीवर खूण करून कार्ड देवापाशी ठेवलं आणि अंघोळीला गेलो.

आलो तर आत्या देवपूजा करत होती. तिने कार्ड उचलून वाचलं आणि विचारलं, "हे काय रे?" मी सांगितलं. ती म्हणाली, "विचार कसला करतोस? पंधरा दिवस झाले, माझ्या डब्यांची झाकणं मोजून लावतोस. मिठाच्या बरणीला चिठ्ठी लावलीस. कालपासून मला चपातीचा व्यास सांगतो आहेस." असं म्हणून तिने कुंकवाचं बोट "हो"च्या चौकटीत टेकवलं.

कुंकू पुसत नाही. पुसलं तर कागद खराब होतो. तेव्हा हो समज. कार्ड मी ठेवून घेतो, पुरावा म्हणून.

पण एक अट. दिपालीला "त्यांना गरज आहे" असं म्हणायचं नाही. पाहिलंस तेवढंच सांग.

चर्चमध्ये माझ्यासाठी प्रार्थना झाली आणि खर्ड्यात मी सत्यनारायण सांगितला. आता वरच्यांनी आपसात ठरवून घ्यावं. खजूर येणार असतील तर नाकारू नकोस.

आत्याला सर्दी नाही. पोळ्या तिने एकटीने संपवल्या.

यज्ञेश्वर


नागापूर
मंगळवार, २० जानेवारी

तीर्थस्वरूप काका यांस,
नमस्कार.

दुरुस्त दाखला सोबत आहे. वाचून घ्या: "इन्स्पेक्टर, अंतिम तपासणी, २०१४ पासून." रुजू होण्याची तारीख दोन ऑगस्ट आहे. शिक्का स्पष्ट उमटला आहे. पहिल्यांदा पुसट आला होता, मी पुन्हा मारून घेतला.

विशेष काही अडचण आली नाही. रोहिणी मॅडम म्हणाल्या की दुरुस्तीला प्लांट मॅनेजरसाहेबांची सही लागेल. मी केबिनमध्ये गेलो, साहेबांनी सही केली.

दिपाली मॅडमना फोन केला. शाफ्टची हकिगत सांगितली, तुमच्या अटीप्रमाणे पुढे काही बोललो नाही.  मग त्याच म्हणाल्या, "अरे, ते बारा मायक्रॉनवाले पुराणिक? त्यांचं नाव आधी नाही का सांगायचं?" परीक्षा गुरुवारी, बावीस तारखेला सकाळी दहा वाजता. दाखल्याची एक झेरॉक्स उद्या मीच सुप्याला पोहोचती करतो; तुम्ही मूळ कागद न्या आणि प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स. चष्मा न्या. स्वेटर नका नेऊ, बाही मशीनवर लागते. आणि काका, फोन तांदळातून काढा. निकाल ते फोनवर कळवतात, टेम्पोने नाही.

मला सध्या गेज रूममधून भंगाराच्या शेडमध्ये वजन लिहायला ठेवलं आहे. तात्पुरतं आहे असं म्हणतात. तिथे हवा चांगली आहे.

आपला,
नोहा


नागापूर
बुधवार, २८ जानेवारी

तीर्थस्वरूप काका यांस,
नमस्कार. परीक्षा होऊन सहा दिवस झाले. घाई नाही. मी फक्त विचारतो आहे की फोन तांदळातून काढला का. मी अकरा वेळा केला. पहिले दोन चुकून दाबले गेले होते. गोरक्षनाथ म्हणतो, "म्हातारी म्हनली, गुरुजी नगरला गेल्यात, आन् काय माहीत न्हाई. पर रडत न्हवती, मंग बरंच असंल."
घाई नाही.
नोहा


सुपं
गुरुवार, ५ फेब्रुवारी

चि. नोहा यास,
अनेक आशीर्वाद.

फोन तांदळातून काढला होता, पण चार्जरच्या भोकात दाणा अडकला. नगरच्या दुकानदाराने सुईने काढला आणि म्हणाला, "काका, भिजलेला फोन तांदळात ठेवतात. तुमचा कोरडा होता का?" मी म्हटलं, त्याला माणसांपासून वाचवायला ठेवला होता.

परीक्षेची गोष्ट ऐक. पाच नग दिले, गेज दिला, वेळ एक तास. चार नग बरोबर आले. पाचवा मापात बसेना. परत मोजला, परत तेच. मग मी त्यांचाच गेज तपासला. झिजला होता रे, सात मायक्रॉन. मी रिपोर्टवर लिहिलं, "नग योग्य. गेज नापास." मग वाटलं, परीक्षा घेणाऱ्याचा गेज नापास करणारा उमेदवार कोण घेणार? दिपालीने रिपोर्ट वाचला, तोंडाला पदर लावून हसली आणि म्हणाली, "सर, तो झिजलेला गेज आम्ही मुद्दाम देतो. आजवर नऊ जण आले. सगळ्यांनी नग नापास केला."

सोमवारी, दोन तारखेला, रुजू झालो. सहा महिने प्रोबेशन. हुद्दा पहिल्याच दिवशी कागदावर लिहून घेतला.

आता तुझ्याकडे वळतो. आभार मानायला मी रोहिणीबाईंना फोन केला. "विशेष काही अडचण आली नाही" असं तू लिहिलं होतंस. त्यांनी जे सांगितलं ते असं. तू केबिनबाहेर दोन दिवस उभा होतास. पाणी प्यायला जाऊन परत त्याच फरशीवर. शेवटी साहेबांनीच आत बोलावलं.

साहेब म्हणाले, "काय रे, युनियनचा आहेस का?"

तू म्हणालास, "नाही साहेब, गेज रूमचा."

"पुराणिक कागदावर मदतनीसच होता. आमचे चारशे शाफ्ट अडवायचा त्याला अधिकार कुणी दिला होता?"

"तुम्ही, साहेब. तक्त्यावर तुमची सही आहे."

रोहिणीबाई फाईल घेऊन तिथेच उभ्या होत्या. आणि मग तू, कुणाला चिमटा काढायचा म्हणून नाही, खरोखर काळजीने, विचारलंस, "साहेब, ते मदतनीस असतील तर बारा वर्षांचे सगळे तपासणी रिपोर्ट मदतनिसाने सही केलेले होतात. पुढच्या महिन्यात कस्टमरचं ऑडिट आहे. मी प्रत्येक रिपोर्टवर तसा शेरा मारायला घेऊ का? लाल पेनं किती लागतील ते मोजून ठेवलं आहे."

साहेबांनी सही केली. आणि दुसऱ्या दिवशी तुला भंगारात बसवलं. "तिथे हवा चांगली आहे," म्हणे! त्या शेडला तीन बाजूंनी पत्रा आहे आणि चौथ्या बाजूला मशीनच्या वापरलेल्या कूलंटचा हौद. अठरा वर्षं मी तो वास घेतला आहे. तू बिनचूक लिहितोस, पण खोटं लिहायला शिकला नाहीस.

आता मी जे लिहितो त्यात कीव नाही. मी पहिल्याच कागदावर लिहितो आहे, एकही फाडला नाही. इथल्या गेज रूममध्ये रजिस्टर कुणी नीट ठेवत नाही. झिजलेला गेज परीक्षेला मुद्दाम देतात म्हणे, पण आणखी तीन झिजलेले आहेत आणि ते मुद्दाम ठेवलेले नाहीत. माणूस हवा आहे. बारावी पास असावा असं जाहिरातीत आहे. मी दिपालीला विचारलं, इंग्रजीत राहिलेला चालेल का. ती म्हणाली, "गेज इंग्रजीत झिजत नाहीत, पण परीक्षा सगळ्यांना द्यावी लागेल." इंग्रजीचा पेपर तू जुलैत परत दे. फॉर्म कधी निघतो ते मी बघतो. मुलाखत सोळा तारखेला, सोमवारी. इथून नोकरीचं पत्र हातात येईपर्यंत तिथे राजीनामा लिहायचा नाही. भंगारात बसलास तरी चालेल, पण हजेरी लावायची.

मी तुझं नाव दिलेलं नाही. तुला विचारल्याशिवाय देणार नाही. पाहिलं तेवढंच सांगेन, की पुसलेला गेज परत पुसणारा एक मुलगा माझ्या माहितीत आहे.

कार्ड जोडलं आहे. तेच, जुनं. माझं नाव खोडून तुझं घातलं आहे आणि माझी खूणही खोडली आहे. नवीन आखत बसू नकोस.

आईचा डबा गोरक्षनाथ खर्ड्याहून आणून देईल. आत्याने तिळाच्या वड्या भरल्या आहेत. तिने सांगितलं आहे की या वड्यांचा कुठल्याही रीतीत काहीही अर्थ निघत नाही, तिने सगळ्यांना विचारून घेतलं आहे.

यज्ञेश्वर


नागापूर
शनिवार, ७ फेब्रुवारी

तीर्थस्वरूप काका यांस,
नमस्कार.

वड्या पोहोचल्या. गोरक्षनाथने डबा हसत हसत दिला. तो म्हणाला, "आत्याबाईंनी ताकीद दिली हुती, ह्या टायमाला त्वांड बारीक करायचं न्हाई." आईने अर्ध्या वड्या चर्चमध्ये वाटायला काढल्या आहेत. कशाच्या म्हणून ते ती अजून सांगत नाही. चिठ्ठी टाकणार नाही असं तिच्याकडून वदवून घेतलं आहे.

केबिनमध्ये मी काय बोललो ते मला आठवत नाही. पेनं मोजली होती हे खरं आहे. सोळा लागली असती.

तुमचं पत्र मी चार वेळा वाचलं. चुका शोधत होतो. नाहीत. राजीनामा तिकडचं पत्र हातात आल्यावरच लिहीन. अनुभवाच्या दाखल्यावर माझा हुद्दा काय लिहिणार, ते रोहिणी मॅडमना आत्ताच विचारून ठेवलं. "मदतनीस" आहे, आणि माझ्या बाबतीत ते बरोबर आहे. तक्त्यावर माझ्या गोलात दोनच पाकळ्या भरलेल्या आहेत. त्या दोन्ही तुम्ही भरल्या होत्या.

कार्ड सोबत परत पाठवतो आहे. मी खूण केलेली नाही. "हो"च्या चौकटीत आत्याबाईंचं कुंकू आधीच आहे. त्यावर खूण केली तर खाडाखोड दिसेल.

आपला,
नोहा